एक नाव, तीन रकाने: इंडोनेशियन कागद मराठीत आणतानाच्या नोंदी

इंडोनेशियन आणि मराठी या जोडीत सरकारी कागदांचं काम करणारे फार थोडे आहेत, त्यामुळे नावं आणि पदव्यांचं काय करायचं हे विचारायला कुणी सापडत नाही. एका वारस नोंदीच्या फाइलवर काम करताना या नोंदी ठेवल्या. सगळी नावं बदलली आहेत. बदलताना अडचण जशीच्या तशी राहील अशीच नमुना नावं घेतली आहेत.

६ जानेवारी २०२५

फाइल आली. घाटावरच्या एका गावातले गृहस्थ नोकरीनिमित्त बालीत राहिले, तिथल्या हिंदू मुलीशी लग्न केलं, निवृत्तीनंतर पुण्यात परतले आणि मागच्या वर्षी वारले. गावच्या जमिनीवर पत्नी आणि मुलीचं नाव लागायला हवं. पत्नी सध्या देनपासारला आहेत. इथलं सगळं त्यांचा पुतण्या बघतो.

कागद असे: १९७१ चं जन्माचं जुनं प्रमाणपत्र, विवाह नोंदणीचा उतारा, कुटुंबपत्रक म्हणजे कार्तू कलुआर्गा, ओळखपत्र, बालीतल्या गावप्रमुखांचा दाखला आणि पुतण्याच्या नावे केलेलं कुलमुखत्यारपत्र. या सगळ्यांचं एक मराठी भाषांतर आधीच झालेलं होतं आणि तहसील कचेरीतून ते परत आलं होतं. शेरा एकच: 'कागदपत्रांतील नावे जुळत नाहीत.'

महसुलाचं काम मराठीत चालतं, म्हणून मराठी भाषांतर टाळता येत नाही. पण फाइल बघणाऱ्याला मूळ इंडोनेशियन वाचता येत नाही. त्याच्यासाठी मराठी भाषांतर हाच मूळ कागद असतो, आणि त्यात नाव तीन प्रकारे आलं तर त्याच्या लेखी बायका तीन.

८ जानेवारी

भाषांतराला हात लावण्याआधी फक्त नावांची यादी केली. प्रत्येक कागदावर नाव अक्षरशः कसं छापलंय ते, ठिपका आणि स्वल्पविरामासकट. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळी गुंतागुंत इथेच दिसते.

```
१९७१ प्रमाणपत्र : Ni Ketut Sri Laksmi
        वडील    : I Njoman Tjakra
कुटुंबपत्रक     : drg. NI KETUT SRI LAKSMI, M.Kes.
        वडील    : I NYOMAN CAKRA
पासपोर्ट        : NI KETUT SRI LAKSMI
```

आधीच्या भाषांतरात या बाईंची झालेली रूपं: 'नि केतुत श्री. लक्ष्मी', 'डॉ. नी केतुत श्रीलक्ष्मी एम. केस' आणि एका ठिकाणी नुसतं 'श्री. लक्ष्मी'. वडील एकदा 'न्जोमान त्जाक्रा' आणि एकदा 'न्योमान चक्र'. कचेरीचा शेरा अगदी रास्त होता.

९ जानेवारी

पुतण्याबरोबर गावी जाऊन तलाठी भाऊसाहेबांना भेटले. त्यांनी समजूतदारपणे ऐकून घेतलं आणि मग नाव बोटाने वाचत विचारलं, "म्हणजे हिचं नाव नी, नवरा केतुत, आणि हे श्री. लक्ष्मी कोण गृहस्थ?"

मराठी डोळा नाव असंच वाचतो: पहिलं स्वतःचं, दुसरं वडिलांचं किंवा नवऱ्याचं, शेवटचं आडनाव. बालीतल्या नावाची रचना वेगळी आहे. `Ni` हे स्त्रीचं नाव असल्याची खूण आहे, पुरुषासाठी तीच खूण `I` अशी एका अक्षराची. `Ketut` म्हणजे चौथं अपत्य. पहिल्याला वायान, पुतू किंवा गडे, दुसऱ्याला मादे, कादेक किंवा नंगाह, तिसऱ्याला न्योमान किंवा कोमांग, चौथ्याला कतूत, आणि पाचव्यापासून पुन्हा वायानवर. `Sri Laksmi` हे खास तिचं नाव. या सगळ्यात वडिलांचं नाव कुठेच नाही आणि आडनावही नाही. लग्नानंतरही हे नाव बदललेलं नाही.

भाऊसाहेबांना हे तोंडी पटलं, पण पटणं फाइलला जोडता येत नाही. म्हणून भाषांतराच्या पहिल्या पानावर चार ओळींची टीप देण्याचं ठरवलं. नावातला प्रत्येक घटक काय आहे, त्यात पित्याचं वा पतीचं नाव नाही, आणि आडनाव नाही, एवढंच. संस्कृतीची माहिती त्या टिपेत घालायची नाही. वाचणाऱ्याला रकाना भरायचा असतो.

११ जानेवारी

आज देवनागरी लेखनाचा निर्णय. यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

नावात लक्ष्मी दिसली की हात आपोआप 'क्ष' लिहितो. बाली आणि जावातल्या नावांत आपल्या ओळखीचे शब्द पदोपदी भेटतात: विस्नू, देवी, सूर्य, इंद्र, पुत्री. ते सुधारून शुद्ध संस्कृत रूपात लिहिणं हा मराठी भाषांतरकाराला पडणारा मोठा मोह आहे. पण सातबाऱ्यावर 'लक्ष्मी' लागलं, पुढे कुणी त्याचं रोमन केलं, की ते `Lakshmi` किंवा `Laxmi` होतं आणि पासपोर्टवरच्या `LAKSMI` शी भांडतं. म्हणून कसोटी ही ठरवली की देवनागरीवरून उलट जाऊन मूळ रोमन अक्षरं मिळाली पाहिजेत. तेव्हा 'लाक्स्मी'.

स्वरांची अडचण याहून बारीक आहे. इंडोनेशियन `a` नेहमी आपल्या आ-सारखा उघडा. पण `e` दोन आहेत, एक ए-सारखा आणि एक आपल्या 'अ' च्या जवळचा, आणि लेखनात दोन्ही सारखेच. कुठला कुठे हे नुसत्या कागदावरून कळत नाही. `Dewi` मध्ये ए आहे, `Retno` मध्ये अ. बाईंना फोन करून त्यांचं पूर्ण नाव सावकाश म्हणायला सांगितलं. `Ketut` स्पष्ट 'कतूत' ऐकू आलं. मग नियम असा केला: `a` ला नेहमी आ, आखूड `e` ला अ, लांब `e` ला ए. तिन्ही वेगळे राहतात, त्यामुळे उलट जाता येतं. `c` ला नेहमी च. शेवटचे इकार आणि उकार मराठी पद्धतीने दीर्घ. `Ni` म्हणून 'नी' झालं, आणि ते बरंच झालं, कारण ऱ्हस्व 'नि' मराठीत 'आणि' असा वाचला जातो.

नियमात एक अपवाद मुद्दाम ठेवला, तो `Sri` चा. उच्चाराप्रमाणे 'स्री' लिहायला हवं, पण मराठी वाचक ते 'स्त्री' असं दुरुस्त करून वाचणार आणि टंकलेखक तसंच छापणार. तेव्हा 'श्री' ठेवलं, ठिपका न देता, आणि नावाच्या आधी 'श्रीमती' घातलं. इंडोनेशियात `Sri` हा बहुतेक वेळा बाईच्या नावाचा भाग असतो. तिथल्या माजी अर्थमंत्री स्री मुल्यानी इंद्रावती हे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. मात्र योग्याकार्ताच्या सुलतानांच्या नावाआधी येणारं `Sri` ही बिरुदावलीच आहे. म्हणजे नावाच्या सुरुवातीला दिसलं की उपाधी, असं गृहीत धरता येत नाही. ओळखपत्रावरचा लिंगाचा रकाना बघूनच पुढे जायचं.

शेवटचं रूप: श्रीमती नी कतूत श्री लाक्स्मी. प्रत्येक कागदाच्या भाषांतरात पहिल्या उल्लेखाला शेजारी रोमन नाव, मूळ कागदावर आहे तसंच. नंतर फक्त देवनागरी.

१४ जानेवारी

वडिलांच्या नावाचा घोळ. `Njoman Tjakra` आणि `Nyoman Cakra` यांचा उच्चार एकच आहे. १६ ऑगस्ट १९७२ ला इंडोनेशियाने नवं शुद्धलेखन लागू केलं. त्याआधी आपला 'च' `tj` असा लिहीत, 'ज' `dj`, 'य' नुसता `j`, 'न्य' `nj`. त्याच्याही आधी, १९४७ पर्यंत, 'उ' साठी `oe` होतं, म्हणून `Soekarno`. शब्द बदलले, पण माणसांवर नाव बदलायची सक्ती झाली नाही. कुणी जुनं ठेवलं, कुणी नवं घेतलं, कधी कचेरीतल्या कारकुनाने परस्पर नवं केलं. एकाच घरात बाप जुन्या लेखनाचा आणि मुलगा नव्या, हे नेहमीचं आहे.

आधीच्या भाषांतरात १९७१ चं नाव नव्या नियमाने वाचलं गेलं, म्हणून 'न्जोमान त्जाक्रा'. नाव वाचण्याआधी कागदाची तारीख बघायची, एवढं केलं की हा प्रश्न येत नाही. १९७२ च्या आधीच्या कागदावर `j` दिसला की तो बहुधा 'य'. नंतरच्या कागदावर मात्र `j` दोन्ही असू शकतो: `Joko` चा ज, पण `Jusuf` हे जुनं लेखन टिकवलेलं नाव असेल तर युसुफ.

मग पेच असा की बरोबर उच्चार लिहिला तर देवनागरीत दोन्ही कागदांवर 'ई न्योमान चाक्रा' येतं आणि मूळातला फरक दिसेनासाच होतो. मला ते चालण्यासारखं वाटलं नाही. भाषांतरकाराने दोन लेखनं परस्पर एक केली तर तो पुरावा ठरवतोय, आणि ते त्याचं काम नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी देवनागरी एकच, शेजारी रोमन दोन वेगळी, आणि खाली टीप: 'मूळ कागदावर नाव १९७२ पूर्वीच्या लेखनपद्धतीत आहे.' दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सांगण्याचा अधिकार बाईंचा. त्यांनी देनपासारच्या नोटारिसकडे तसं प्रतिज्ञापन करून पाठवायचं ठरलं. त्यावर दहा हजार रुपियांचा मुद्रांक लागतो आणि कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणाऱ्या आपोस्तील या सरकारी प्रमाणपत्राचे दीड लाख रुपिया वेगळे, म्हणजे आपल्या हजार रुपयांच्या आत. पैशापेक्षा वाट बघण्यातच वेळ जातो.

वडिलांच्या नावातल्या 'ई' बद्दल एक सावधगिरी. `I` हे मराठी कारकुनाला आद्याक्षर वाटतं आणि तो पुढे ठिपका देतो. ठिपका दिला की 'ई.' चं पूर्ण रूप काय, अशी विचारणा येते. टिपेत 'हे आद्याक्षर नसून पूर्ण शब्द आहे' हे वाक्य लिहिलं.

१७ जानेवारी

पदव्या. एकाच बाईंच्या नावाला कुटुंबपत्रकात पदवी आहे आणि विवाहाच्या उताऱ्यावर नाही, याचं कारण इंडोनेशियन नियमातच सापडतं. तिथल्या गृहमंत्रालयाचा २०२२ चा ७३ क्रमांकाचा नियम सांगतो की शिक्षणाची, रूढीची किंवा धर्माची उपाधी कुटुंबपत्रकावर आणि ओळखपत्रावर लिहिता येते, पण जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदणी कागदांवर शिक्षणाची आणि धर्माची उपाधी घालायची नाही. म्हणजे नावं जुळत नाहीत ती चुकीने नव्हे, नियमाने. हे दोन ओळींत टिपेत लिहिलं, आणि पुढे वकीलसाहेबांनी तीच टीप अर्जात उचलली. त्याच नियमाने नवं नाव किमान दोन शब्दांचं हवं आणि मोकळ्या जागांसह साठ अक्षरांपेक्षा मोठं नको. जुनी एकशब्दी नावं मात्र तशीच चालू आहेत. `Suharto` एवढंच नाव असलेला माणूस आला तर दुसरा शब्द शोधत बसायचं नाही.

आता `drg.` चं काय करायचं? आधीच्या भाषांतरात 'डॉ.' केलं होतं. इंडोनेशियनमध्ये `Dr.` मोठ्या अक्षराने म्हणजे विद्यावाचस्पती, `dr.` लहान अक्षराने म्हणजे वैद्यकीय डॉक्टर, `drg.` दंतवैद्य, `drh.` पशुवैद्य. एका अक्षराच्या आकारावर माणसाचा पेशा ठरतो. मराठीत 'डॉ.' एकच, चौघांनाही पुरतो आणि चौघांतला फरक पुसतो. त्यातही कुटुंबपत्रकावर नाव सगळं मोठ्या अक्षरांत छापलं असेल आणि उपाधीही मोठ्या अक्षरांत आली असेल, तर फरक मूळ कागदावरच हरवलेला असतो. तेव्हा व्यवसायाचा रकाना बघावा लागतो. इथे `drg.` स्वच्छ छापलं होतं आणि व्यवसायही दंतवैद्य असाच होता.

निर्णय: उपाधी नावाच्या आत घ्यायची नाही, गाळायचीही नाही. नावाची ओळ उपाधीशिवाय, त्याखाली वेगळी ओळ:

```
नाव: नी कतूत श्री लाक्स्मी
नावासोबत छापलेली उपाधी: drg. (दंतवैद्य), M.Kes. (आरोग्य विषयातील
मागिस्टर पदवी)
```

`M.Kes.` चा 'एम. केस' करून काही साधत नाही. ते `Magister Kesehatan` या तिथल्या पदव्युत्तर पदवीचं संक्षिप्त रूप आहे.

भारतीय समकक्ष पदवी लिहायची नाही, हा नियम मी सगळ्यांसाठी ठळक करून ठेवते. `drg.` ला बीडीएस म्हणू नये, `S.H.` ला एलएल.बी. म्हणू नये. समकक्षता ठरवणं हे त्यासाठी नेमलेल्या संस्थांचं काम आहे, भाषांतरकाराचं नव्हे. अभ्यासाची रचनाही जुळत नाही. तिथली सार्जाना ही पहिली पदवी साधारण चार वर्षांची, आपली बी.ए. बहुतेकांची तीन वर्षांची. मराठी कागदावर 'एलएल.बी.' छापलं गेलं की नोंद झाली, आणि ती पुढे कुणी पुरावा म्हणून दाखवू शकतो.

२० जानेवारी

गावप्रमुखांचा दाखला. सहीखाली `Drs.` आहे. आधीच्या भाषांतरात हेही 'डॉ.' झालं होतं. `Drs.` म्हणजे डोक्तोरान्दुस, बाईसाठी `Dra.`. हा डचांच्या काळापासून चालत आलेला विद्यापीठ पदवीधराचा किताब आहे आणि डॉक्टरेटशी त्याचा संबंध नाही. इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हत्ता यांच्या नावाआधी हाच लिहीत, आणि सुकार्नोंच्या नावाआधी अभियंत्याचा `Ir.`. १९९३ च्या शिक्षण मंत्रालयाच्या निर्णयाने सार्जाना पदव्या नावाच्या मागे, विषयासकट लिहायची पद्धत आली: `S.E.`, `S.Pd.`. त्यामुळे `Drs.` आज दिसला तर माणूस बहुधा जुन्या पिढीतला पदवीधर आहे एवढंच समजायचं. टिपेत 'पदवीधराचा जुना किताब' लिहिलं.

त्यांचं पद `Perbekel`. बालीत प्रशासकीय गावाच्या प्रमुखाला हे म्हणतात. 'सरपंच' लिहावंसं वाटतं, पण आपला सरपंच ग्रामपंचायतीचा अध्यक्ष असतो आणि वाचणारा ग्रामपंचायतीचा ठराव मागेल. 'पर्बकल (गावप्रमुख)' असं ठेवलं.

विवाहाच्या उताऱ्यावर नोंदणी विभागाच्या प्रमुखांची सही, आणि सहीखाली `Pembina Utama Muda`. `muda` म्हणजे तरुण, म्हणून आधीच्या भाषांतरात 'तरुण मुख्य संस्थापक' आलं होतं. हे नाव नाही, पदही नाही. ही सरकारी नोकराची श्रेणी आहे, चार-सी. अशा श्रेणीचं भाषांतर करायचं नसतं. 'पम्बिना उतामा मुडा (शासकीय सेवेतील श्रेणी)' असं लिहून पुढे गेले. सहीखाली सहसा तीन गोष्टी असतात: नाव पदव्यांसकट, श्रेणी आणि सेवा क्रमांक. पद सहीच्या वर असतं. हा क्रम एकदा कळला की कुठलाही इंडोनेशियन सरकारी कागद वाचता येतो.

२१ जानेवारी

'हजर झाले' म्हणायचं की 'हजर झाल्या'? इंडोनेशियन क्रियापदाला लिंग नाही, सर्वनामालाही नाही. मराठीत त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि साक्षीदाराचं नाव `Putu` असेल तर नावावरून काहीच कळत नाही. पहिलं अपत्य मुलगा असो वा मुलगी, पुतू.

दोन खुणा कामाच्या आहेत आणि त्या बऱ्याच जणांना माहीत नसतात. सोळा आकडी नागरिक क्रमांकात सातव्या आकड्यापासून जन्मतारीख असते: दिवस, महिना, वर्ष, प्रत्येकी दोन आकडे. बाई असेल तर दिवसात चाळीस मिळवलेले असतात. १२ तारखेला जन्मलेल्या बाईचा दिवस ५२ दिसतो. आणि सरकारी नोकराचा सेवा क्रमांक अठरा आकडी असतो. त्यात आधी जन्मतारखेचे आठ, मग नेमणुकीच्या वर्ष-महिन्याचे सहा, आणि पंधरावा आकडा लिंगाचा, १ पुरुष आणि २ स्त्री. नोंदणी प्रमुखांचं नाव संदिग्ध होतं, सेवा क्रमांकाने सुटलं.

बालीत नावाच्या सुरुवातीचे शब्दही मदत करतात. ईदा बागुस पुरुष, ईदा आयू स्त्री. देवा पुरुष, देसाक स्त्री. आनाक आगुंग दोघांनाही, पण पुढे इस्त्री आलं तर स्त्री. हे शब्द घराण्याचा दर्जा सांगतात, तरी नावाचेच भाग आहेत. त्यांचं 'महाराज' वगैरे काही करायचं नाही.

२४ जानेवारी

कुलमुखत्यारपत्र. नोटारिसच्या नावामागे `S.H., M.Kn.`. आधीच्या भाषांतरात पहिल्याचा 'हुकूम पदवीधर' झाला होता. इंडोनेशियनमध्ये `hukum` म्हणजे कायदा. 'विधी शाखेची सार्जाना पदवी' आणि 'नोटारिस-विद्येतील मागिस्टर पदवी' असं लिहिलं.

पदाचं काय? 'नोटरी' लिहिलं की मराठी वाचकाला कोर्टाबाहेर टेबल मांडून शिक्का मारणारे वकील आठवतात. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याखाली नोटरी सही साक्षांकित करतो. इंडोनेशियातला नोटारिस २००४ च्या कायद्याखाली मंत्र्याने नेमलेला अधिकारी असतो. तो दस्त स्वतः लिहितो, पक्षकारांना वाचून दाखवतो, सह्यांची मूळ प्रत आपल्या दप्तरात कायम ठेवतो, आणि पक्षकाराला प्रत देतो ती फक्त स्वतःच्या सहीची. वकीलसाहेबांनी नेमकं हेच विचारलं: "बाईंची सही कुठंय? सहीशिवाय मुखत्यारपत्र कसं?" सही देनपासारच्या दप्तरात आहे. हे कळण्यासाठी पदाचं नाव 'नोटारिस' असं वेगळं ठेवावं लागतं आणि खाली दोन वाक्यांची टीप लागते.

आपोस्तीलशी जुळवणी इथेच करावी. भारत आणि इंडोनेशिया दोघंही आपोस्तील करारात आहेत, इंडोनेशियात तो ४ जून २०२२ पासून लागू झाला. आपोस्तीलच्या दुसऱ्या ओळीत सही करणाऱ्याचं नाव आणि तिसऱ्या ओळीत त्याचं पद असतं. दस्ताच्या भाषांतरातलं नोटारिसचं नाव आणि आपोस्तीलच्या भाषांतरातलं नाव अक्षरानं अक्षर सारखं हवं, पदव्यांसकट. दोन्ही कागद समोरासमोर ठेवून तपासले. एका ठिकाणी माझ्या मसुद्यात स्वल्पविराम गळला होता.

१० फेब्रुवारी

प्रतिज्ञापन आलं. फाइल पुन्हा दाखल केली. अर्जात तीन रकाने: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. मधला रिकामा सोडता आला, आडनावाचा आला नाही. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, नवऱ्याचं आडनाव घाला की, मिटलं." पुतण्यालाही ते सोपं वाटलं. पण बाईंच्या एकाही कागदावर ते आडनाव नाही, आणि उद्या त्यांना जमिनीबाबत सही करायची झाली तर ओळख पटवणार कशी?

बाईंच्या जुन्या भारतीय व्हिसावर नाव आधीच फोडलेलं होतं: आडनावाच्या जागी `LAKSMI`, बाकी सगळं पहिल्या नावात. तीच फोड घेतली, कारण भारत सरकारच्या कागदावर ती एकदा झालेली आहे. टिपेत भर घातली: 'आडनावाच्या रकान्यातील शब्द हा नावाचाच शेवटचा भाग असून कुलनाम नाही.' बाताक किंवा मिनाहासा समाजातल्या माणसाला खरंच कुलनाम असतं. तिथे शेवटचा शब्द सरळ आडनावात जातो. मुसलमान नावात काही कागदांवर `bin` किंवा `binti` येतं, त्यापुढचं वडिलांचं नाव असतं, ते मधल्या रकान्यात घालता येतं. `H.` आणि `Hj.` मात्र हाजी आणि हाज्जाह, आद्याक्षरं नव्हेत.

१९ फेब्रुवारी

उलट दिशेचं काम. बाईंना देनपासारला कुटुंबपत्रक बदलून घ्यायचं आहे, त्यासाठी इथले मराठी कागद इंडोनेशियनमध्ये हवेत.

'कै. विजय दत्तात्रय जाधव' मधल्या 'कै.' ला `almarhum` सहज सुचतं, पण तो शब्द मुसलमान मृतांसाठी रूढ आहे. हिंदू गृहस्थांसाठी `mendiang` घेतलं. नाव इंडोनेशियन उच्चाराने `Wijay` वगैरे न लिहिता पासपोर्टवरचं `VIJAY DATTATRAYA JADHAV` जसंच्या तसं. 'दत्तात्रय' हे वडिलांचं नाव असल्याची टीप दिली, कारण तिथे तिन्ही शब्द मिळून त्यांचंच नाव समजलं जातं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येतं, तिथे टीप आणखी एका शब्दाची लागेल.

जुन्या शिधापत्रिकेवर बाईंचं नाव 'सौ. सरिता विजय जाधव' आहे. लग्नात सासरी ठेवलेलं नाव. 'सौ.' साठी `Ny.` चालतं. 'उर्फ' साठी `alias` बरोबर असलं तरी तिथल्या फौजदारी निकालांत आरोपींच्या नावासोबत तो शब्द इतका येतो की `dikenal juga sebagai` बरं.

मृत्यूच्या दाखल्यासोबतच्या वैद्यकीय कागदावर 'डॉ.' आहे, खाली एमबीबीएस. `Dr.` लिहिलं तर तिथे पीएच.डी. वाचलं जाईल. `dr.` लिहिलं, आणि कंसात भारतीय पदवीचं संक्षिप्त रूप जसंच्या तसं ठेवलं. बीएएमएस असते तर `dr.` लिहिलं नसतं, कारण तो तिथे ॲलोपॅथीच्या डॉक्टरचाच किताब आहे.

१८ मार्च

हरकतीची पंधरा दिवसांची मुदत संपली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. सातबाऱ्यावर नाव लागलं: नी कतूत श्री लाक्स्मी. उतारा हातात आल्यावर 'श्री' च्या पुढे ठिपका दिसतो का ते आधी पाहिलं. नाही. मुलीच्या नावात मात्र 'पुतू' चा 'पुतु' झाला आहे. ती दुरुस्ती अर्ज देऊन करायची आहे, कारण तिच्या पुढच्या प्रत्येक कागदाची तुलना आता या उताऱ्याशी होणार.